साडेसतरा तास

जळगावच्या एमआयडीसीच्या रस्त्याला रूही शेखचं ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. आधार, पॅन, भाडेकरार असलं सगळं तिथे होतं. पण रूहीचं नाव झालं ते अर्जांमुळे. तिचे अब्बा तहसील कचेरीबाहेर टाइपरायटर घेऊन बसायचे. त्यांचं म्हणणं, की माणूस रडत येतो आणि अर्ज मात्र कोरड्या डोळ्यांनी जायला हवा. हा धडा रूही दुकानात तंतोतंत पाळायची. घरी मात्र नवरा मोईज दही आणायला विसरला, तर "तुम्ही कधीच काही आणत नाही, जन्मात आणलं नाही" असं सुरू व्हायचं. मोईजने एकदा विचारलं, "कोणत्या तारखेला आणलं नाही ते सांग." त्या दिवशी त्याला बिनदह्याचीच खिचडी मिळाली.

तर मे महिन्याच्या अखेरीस, भर उन्हाचा, हिलाल पाटील तिच्या दुकानात आला. प्लास्टिकच्या चटया विणणाऱ्या कारखान्यात तो मागावर काम करायचा. आठवड्याचे सहा दिवस, सकाळी आठ ते साडेचार, मध्ये अर्धा तास सुट्टी. हातात वहीची चार पानं, दोन्ही बाजूंनी भरलेली.

"रूहीताई, हे एवढं साहेबाला ईमेल करून द्या. जसंच्या तसं."

रूहीने वाचायला घेतलं. सुरुवातच अहिराणीत होती: 'साहेब, तुम्हाले मन शे की नही?' म्हणजे, मन आहे की नाही. पुढे सुपरवायझर योगराजची तुलना आधी भरीत न झालेल्या वांग्याशी आणि मग जुन्या पंख्याशी केली होती, कारण तो फिरतो खूप आणि वारा येत नाही. तिसऱ्या पानावर हिलालची बायको सुलक्षणा हिने त्याच्या वाट्याची भाकरी शेजारच्या कुत्र्याला घातल्याची हकीकत होती, आणि तो कुत्रा आता हिलालला ओळखत नाही, हेही होतं. ओव्हरटाइम हा शब्द शेवटच्या पानावर एकदाच आला होता, तोही खोडलेला.

रूहीला हसू आवरेना. तिने पदर तोंडाशी धरून खोकल्याचं निमित्त केलं.

"हिलालभाऊ, लिहिलंय झकास. पण हे वाचून साहेब काय करणार?"

"लाजणार."

"लाजून झाल्यावर?"

हिलालने विचार केला. लाजल्यानंतरचं त्याने ठरवलं नव्हतं.

"तुम्हाला जादा कामाचे पैसे हवेत ना? मग ते किती तासांचे, हे त्यांना कळायला हवं. किती दिवस थांबलात?"

"रोज."

"रोज म्हणजे?"

"रोज म्हणजे... आठवड्यातून एक-दोनदा."

तिने कागदावर रकाने आखले: तारीख, पाळी कधी संपली, काम कधी थांबलं, जादा तास. हिलालला तारखा मात्र एकही आठवेना. त्याच्या डोक्यात दिवस वेगळ्याच नावांनी होते. चाळीसगावला मेहुण्याच्या साखरपुड्याला पोचलो तेव्हा लोक विडे खात होते, तो दिवस. धागा संपला आणि योगराज स्वतः गोदामात शिरून अडकला, तो दिवस. डब्यात वरणाऐवजी नुसतं पाणी निघालं, तो दिवस.

"साखरपुड्याची पत्रिका असेल ना मोबाइलमध्ये?" रूही म्हणाली.

पत्रिका निघाली: सात मे. मग तिने त्याचा मोबाइलच मागून घेतला. कारखान्याच्या ग्रुपवर हिलालने महिनाभर तक्रारींची रास घातली होती. 'बठ्ठा घर ग्यात, मी आठेच शे,' म्हणजे सगळे घरी गेले, मी इथेच आहे, हा निरोप चार तारखेचा, सात वाजून अठ्ठावीस मिनिटांचा. 'माग चालू, पोट बंद,' अकरा तारखेचा, सहा पंचावन्नचा. शिव्या होत्या, रडकी तोंडं होती, एकदा चुकून वाढदिवसाचा केकही गेला होता. पण प्रत्येकाखाली वेळ छापलेली होती.

"तुम्ही तर हजेरीच मांडून ठेवली आहे," ती म्हणाली.

हिलालला एवढा अभिमान लग्नातही वाटला नसेल.

एकोणीस तारखेला गाडी अडली. "साडेआठपर्यंत लिहा," तो म्हणाला, "फाटकावरच्या रजिस्टरात तेवढीच वेळ आहे. मी पाहिलंय."

"काम साडेआठपर्यंत चाललं?"

हिलालने छताकडे पाहिलं. "काम साडेसातला संपलं. मग चटयांच्या गठ्ठ्यावर जरा टेकलो. डोळा लागला. वॉचमन जीवरामनानांनी उठवलं."

"मग साडेसात."

"पण ताई, झोपलो तेही कारखान्याच्याच चटईवर ना."

"साडेसात, भाऊ."

अर्ध्या तासाने ईमेल तयार झाला. रूहीने वाचून दाखवला:

'विषय: मे महिन्यातील जादा कामाच्या मोबदल्याबाबत.

महोदय, मी माग विभागात काम करतो. माझी पाळी दुपारी साडेचारला संपते. सुपरवायझर श्री. योगराज यांच्या सांगण्यावरून मी पुढीलप्रमाणे जादा काम केले:

४ मे, ७.३० पर्यंत, ३ तास.
७ मे, ८.३० पर्यंत, ४ तास.
११ मे, ७.०० पर्यंत, अडीच तास.
१४ मे, ७.३० पर्यंत, ३ तास.
१९ मे, ७.३० पर्यंत, ३ तास.
२२ मे, ६.३० पर्यंत, २ तास.

एकूण साडेसतरा तास. १९ मे रोजी फाटकावरील नोंद ८.३० ची आहे. शेवटचा एक तास मी काम केलेले नाही, म्हणून तो धरलेला नाही. कृपया हे तास हजेरी व फाटकावरील रजिस्टरशी ताडून पाहावेत आणि नियमाप्रमाणे माझ्या साधारण वेतनदराच्या दुप्पट दराने मोबदला द्यावा. काही तफावत वाटल्यास कळवावे. पंधरा दिवसांत लेखी उत्तर मिळावे, ही विनंती.'

हिलालने वाकून स्क्रीनवर खालीवर पाहिलं. "कुत्रा कुठे गेला?"

"कुत्रा काढला."

"आणि वांगं?"

"वांगंही."

"चार पानं दिली होती मी," तो दुखावून म्हणाला. पण त्याने ईमेल स्वतःच्या मोबाइलवरून पाठवला, बोट ठेवण्याआधी डोळे मिटून. रूहीने त्याची प्रत आणि ग्रुपवरच्या निरोपांचे फोटो जपून ठेवायला सांगितले.

सहाव्या दिवशी ऑफिसातल्या भूषणसाहेबांनी बोलावलं. हिलाल इस्त्रीचा शर्ट घालून गेला. साहेबांपुढे रजिस्टर उघडं होतं.

"एकोणीसला तुम्ही एक तास कमी का धरला?"

"झोपलो होतो, साहेब."

भूषणसाहेबांनी चष्मा काढला. नोकरीच्या एवढ्या वर्षांत झोपेची कबुली त्यांना पहिल्यांदाच मिळाली होती. ते म्हणाले, जो माणूस स्वतःचा तास कापतो, त्याच्या बाकीच्या तासांवर काय वाद घालायचा. फक्त अकरा तारखेला बाहेर पडल्याची नोंद नव्हती. हजेरीच्या यंत्राने हिलालचा झिजलेला अंगठा ओळखलाच नव्हता, आणि फाटकावरच्या रजिस्टरात लिहायचं राहून गेलं होतं. त्याने 'पोट बंद'चा फोटो पुढे केला. साहेबांनी तो दोनदा वाचला, त्यांना चहाचा ठसका लागला, आणि अडीच तास मंजूर झाले. पुढच्या पगाराच्या चिठ्ठीत साडेसतरा तास दुप्पट दराने आले.

हिलाल ती चिठ्ठी घेऊन दुकानात आला आणि सोबत केळ्याच्या वेफर्सचा पुडा. मूळची चार पानं मात्र परत मागितली. सुलक्षणाला ती वाचून दाखवायची होती, भाकरीचा भाग वगळून.

त्यानंतर कारखान्यातले लोक रूहीकडे रांगेने यायला लागले, येताना तारखा पाठ करून. आणि एका दुपारी खुद्द योगराज आला. त्याच्याकडे सात पानं होती. लोकांना थांबवायचं तर त्यालाही थांबावं लागत होतं, आणि त्याच्या तासांचं कुणी विचारतच नव्हतं. पहिल्याच पानावर हिलालला त्याने काय काय म्हटलं होतं, ते रूहीने मनातल्या मनात वाचलं आणि जोरात खोकली.

"योगराजभाऊ, तुमचं नेमणूकपत्र आणा आधी," ती म्हणाली. "सुपरवायझरला जादा कामाचे पैसे लागू होतात की नाही, हे तुमचं काम काय ठरलंय त्यावर आहे. पाहिल्याशिवाय मी तसं लिहिणार नाही."

"आणि ही पानं?"

"राहू द्या इथेच," रूही म्हणाली. "सावकाश वाचते."