ओट्यापुढचं बूच

आमच्या मुलुंडच्या घरात मिक्सरच्या खाली जेलचे दोन तुकडे आहेत. मिक्सर चालू केला की पूर्वी तो ओट्यावर थरथरत पुढे सरकायचा, आता जागचा हलत नाही. पाहुणे विचारतात, हे निळंनिळं काय? मी सांगते, आईच्या पायातले आहेत. मग चेहरे बघण्यासारखे होतात.

आई पोळीभाजीचे डबे करायची. बाबा गेल्यावर घर त्यावर चाललं. सकाळपासून ओट्यापुढे उभी, पायाखाली गार, टणक लादी. एका वर्षी तिच्या टाचा धरल्या. उठल्यावर पहिलं पाऊल टाकताना भिंत धरायची. डॉक्टर म्हणाले, घरात अनवाणी उभं राहायचं नाही, मऊ चप्पल घाला. आईने मान डोलावली आणि घरी येऊन मला म्हणाली, "चप्पल ती चप्पल. ओट्याकडे नाय."

आम्ही मालवणकडचे. आमच्या स्वयंपाकघरात चप्पल येत नाही, मग ती नवीकोरी का असेना. "अगं, डॉक्टरांनी सांगितलंय ना?" मी चिडून म्हटलं. "डॉक्टराच्या घरात गणपती येता काय?" तिने विचारलं. मला भरपूर राग आला. तो आजही थोडा शिल्लक आहे.

गंमत म्हणजे माझं पोट याच धंद्यावर. घाटकोपरला एका गाळ्यात बुटांच्या आतले तळ बनवण्याचं काम मी करते. डॉक्टरांच्या चिठ्ठ्या घेऊन नर्सबाई, ट्रॅफिक हवालदार, शाळेतल्या बाई येतात. त्यांच्या पायाचा ठसा घ्यायचा, जेल, फोम की कॉर्क ते ठरवायचं, कापायचं, चाकावर घासायचं. जगाच्या टाचा सांभाळायच्या आणि घरी आईने भिंत धरून चालायचं, हे मला झोंबायचं.

आषाढात एकदा दोघी पोळ्या लाटत असताना ती म्हणाली, "ह्या वर्षी मोदक इकत आणूया." इतकं साधं म्हणाली की मी लाटणं हातातून खाली ठेवलं. विकतचे मोदक आमच्या गणपतीपुढे कधी आले नव्हते. आपल्या सासूबाईंच्या हाताखाली शिकलेली उकड ती कुणाला हातही लावू द्यायची नाही. हे वाक्य तिच्या तोंडून आलं म्हणजे दुखणं किती असेल, ते मला तेव्हा कळलं. मला भीती वाटली. गणपतीपर्यंत तिला उभं करायचं, एवढंच डोक्यात राहिलं.

युक्ती मोज्यांनी सुचवली. चप्पल चालत नाही, पण मोजे? हिवाळ्यात ती मोजे घालूनच स्वयंपाक करायची. मग मोज्याच्या आत नुसता तळ सरकवला तर? मी वर एक पट्टा लावू का विचारलं, म्हणजे निसटणार नाही. तिने न्यायनिवाडा केला, "पट्टो इलो की चप्पल झाली." पट्टा रद्द.

पहिल्यांदा जेल नेलं. टाच आपटते तेव्हाचा दणका जेलइतका चांगला दुसरं काही खात नाही. आई दोन पावलं चालली आणि लहान मुलीसारखी हसली. पण शेगडीजवळची ती उष्णता! जेल घाम पीत नाही, त्यातून वाराही जात नाही. तासाभरात मोजे चिंब, पाय आतल्या आत घसरायला लागला. तवा उतरवताना ती डगमगली आणि मीच ओरडले. जेल बाद झालं. टिकाऊ इतकं की त्या तुकड्यांना आज मिक्सरखालीही काही झालेलं नाही.

मग फोम. हलका, मऊ, पहिल्या दिवशी सगळ्यांना आवडणारा. घामही टिपतो. आई खूश, डब्यांत चार पोळ्या जास्त. पण त्या मऊ फोमचा आवेश तेवढाच असतो. दोन-तीन आठवड्यांत टाचेखाली तो पापडासारखा बसला, दाबला तर पुन्हा वर येईना. शिवाय प्यायलेला घाम सोडेना. पावसाळी हवेत वाळायचा नाही. आईने एक दिवस हुंगून बघितला आणि चिमटीत धरून बाल्कनीत नेऊन ठेवला. "वास येता. नैवेद्याकडे ह्या नको."

मी कॉर्क मुद्दाम मागे ठेवला होता. तो सुरुवातीला टणक लागतो, दणका जेलएवढा घेत नाही, आणि आई टणक लादीलाच कंटाळली होती. तरी नेला. "ह्या कसला?" तिने विचारलं.

"बूच गं. बाटलीचं असतं ना, तेच. झाडाची साल असते."

"झाडाची साल?" तिने तो हातात घेऊन उलटापालटा केला. चामडं नाही, रबर नाही. पाटासारखंच झालं की. "मग चलात." आणि नवीन वस्तू घरात आल्यावर करते तसं तिने त्याला हळदकुंकू लावलं. पायाखाली घालायच्या वस्तूला! मला हसू आणि रडू एकदम आलं.

कॉर्कचं असं असतं, तो लगेच मैत्री करत नाही. पायाची ऊब आणि वजन मिळत गेलं की हळूहळू त्या पायाचा आकार घेतो, कमानीला आधार देतो. घाम शोषून चिकट होत नाही. आई कुरकुरत, कुरकुरत सरावत होती. आणि मग एका संध्याकाळी मी घरी आले तर दोन्ही तळ भेगाळलेले, कडेचा चुरा पडत होता. स्वयंपाकघरातली वस्तू म्हणून तिने ते साबणाच्या पाण्यात भिजत घालून घासले होते आणि शेगडीच्या बाजूला टेकवून खडखडीत वाळवले होते.

"कढई घासतंय तशी घासलंय," ती म्हणाली. "स्वच्छ नको?"

वाट लागली, मी मनात म्हटलं. गणपती तोंडावर आले होते. पण रागावणार कशी? तिची चूक तिच्या स्वच्छतेतूनच आली होती. मी दुसरी जोडी घासली, टाचेखाली घट्ट फोमचा पातळ थर चिकटवला, म्हणजे दणक्याची सोय झाली. तिने जुन्या सुती साडीची खोळ शिवली. धुवायची ती खोळ. बूच फक्त ओल्या फडक्याने पुसून सावलीत ठेवायचं. त्या वर्षी मोदक घरचेच झाले. आई भिंत न धरता देवापर्यंत ताट घेऊन गेली. मी दारात उभी राहून बघत होते आणि मला रडू आवरलं नाही.

त्यानंतर खोळी बदलल्या, टाचेखालचा थर मी बदलत राहिले. बूच तेच राहिलं.

आता आई खुर्चीत बसून मोदकाला कळ्या पाडते आणि उकड माझ्याकडे आली आहे. यंदा पारी थापताना माझं वजन या पायावरून त्या पायावर चाललं होतं. मला कळलंही नव्हतं. तिला कळलं.

"तुझे खंय?" तिने विचारलं.

माझे कुठले? सगळ्यांचे केले, स्वतःचे कधी केलेच नाहीत. तिने वाकून आपल्या मोज्यांतून बूच काढलं, माझ्यापुढे सरकवलं. "घाल गो."

वापरलेला कॉर्क दुसऱ्याला देऊ नका, तो एकाच पायाचा होऊन बसतो, असं मी दिवसभर गिऱ्हाइकांना बजावत असते. ते तळ मी मोज्यात सरकवले आणि उभी राहिले. उजव्या टाचेचा खड्डा खोल होता, तिकडेच ती कायम रेलायची. कमान माझ्या कमानीच्या मागे पडत होती. चांगलंच टोचत होतं.

"कसा वाटता?"

"झकास," मी म्हटलं, आणि एकवीस मोदक होईपर्यंत तिच्याच पावलांत उभी राहिले.