मेड की डिड

श्रीरामपुरात स्टेशनच्या रस्त्याला, खताच्या दुकानावरच्या खोलीत मी इंग्रजीचा वर्ग घेतो. येणारे बहुतेक सगळे नर्सिंगवाले. परदेशात नोकरी हवी तर आधी इंग्रजीची परीक्षा द्यावी लागते, आणि तिच्यात बोलण्याचा एक भाग असतो. समोरचा माणूस पेशंट होतो आणि आपण नर्स म्हणून त्याच्याशी बोलायचं. वर्गात पेशंट मीच होतो. तक्रार करणारा, घाबरलेला, जेवण न आवडलेला असा सगळ्या तऱ्हेचा. घरात मी फार बोलत नाही, पण पेशंट म्हणून माझी ख्याती आहे.

डू आणि मेक मी एका नियमाने शिकवायचो. हाताला लागतं ते मेक, हाताला लागत नाही ते डू. भाकरी हाताला लागते, म्हणून मेक. चहा मेक. अभ्यास हाताला लागत नाही, म्हणून डू. ड्यूटी डू. मराठीत सगळंच आपण 'करतो', त्यामुळे पोरांना हे फार आवडायचं. नियम माझाच, मी कुठे वाचलेला नव्हता. टाळ्या मिळत गेल्या आणि मी तो कधी तपासला नाही.

गेल्या वर्षीच्या बॅचला एक सिस्टर होत्या. इथल्याच, पस्तिशीच्या. परीक्षेत दोनदा बोलण्याच्या भागातच थोडक्यात राहिलेल्या. तिकडच्या हॉस्पिटलने त्यांच्यासाठी जागा धरून ठेवली होती, पण हा तिसरा प्रयत्न शेवटचा, असं कळवलं होतं. हे त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं आणि पुन्हा कधी काढलं नाही.

एका संध्याकाळी मी पेशंट होतो. मला चुकीचं जेवण आलं होतं, मी चिडलो होतो. सिस्टर म्हणाल्या, आय ॲम सॉरी, वुई मेड अ मिस्टेक.

मी पेशंटपणा सोडून म्हणालो, डिड. चूक हाताला लागते का?

 त्या हळू म्हणाल्या, "सर, आमच्या मेट्रन वॉर्डात आल्या की हू मेड धिस मिस्टेक असंच विचारतात. दहा वर्षं ऐकलंय."

"मेट्रन इंग्रजी शिकवतात की मी?" मी म्हणालो. वर्ग हसला. सिस्टरही हसल्या आणि म्हणाल्या, वुई डिड अ मिस्टेक.

घरी जाऊन शब्दकोश उघडला. मेक अ मिस्टेक. शंका घ्यायला जागाच नव्हती. खाली आणखी होतं: मेक अ नॉइज, मेक ॲन एक्स्क्यूज, मेक अ प्रॉमिस. हाताला लागणारं एकही नाही. उलट डू द डिशेस, आणि भांडी तर हाताला चांगलीच लागतात. नियमाचं काही उरलं नाही.

दुसऱ्या दिवशी सांगायचं ठरवून गेलो. पायऱ्या चढेपर्यंत ठरलेलं होतं. आत गेलो, सगळे उभे राहिले, आणि मी धडा प्रेपोझिशन्सचा काढला.

आमच्याकडे राजूरकडचा एक ब्रदर होता, सिस्टरांच्याच हॉस्पिटलात नर्स असलेला, तो शंका धरून बसणारा. त्याने विचारलंच. "सर, सिस्टर म्हन्त्यात ते बरोबर असंल, मिस्टेकला मेक, तर फेवरला बी मेकच व्हय? दोनी हाताला लागत न्हाईत." मी फळा पुसत होतो. पुसताना 'हं' म्हणालो. हे 'हं' म्हणजे हो की नाही, ते मलाही ठाऊक नव्हतं. त्याने हो धरलं. त्या दिवसापासून तो ज्याला त्याला मेक मी अ फेवर म्हणत फिरायला लागला. पेन मागतानाही.

दोन आठवडे मी मिस्टेक हा शब्दच टाळला. पेशंट म्हणून कधी घाबरलेला असायचो, कधी ऐकू कमी येणारा, पण नर्सला माफी मागावी लागेल असं काही माझ्या बाबतीत घडू देत नव्हतो. तरी एखाद्या वेळी माफीचा प्रसंग यायचाच, आणि सिस्टर माझ्याकडे बघून स्वच्छ म्हणायच्या, वुई डिड. प्रत्येक डिडला मी मान खाली घालायचो. परीक्षेत त्यांनी हेच म्हटलं आणि तेवढ्यावरून त्या राहिल्या तर?

परीक्षेच्या आधीच्या शेवटच्या दिवशी त्या एकट्याच आल्या होत्या. त्यांनी खुर्ची सरकवली, मी पेशंट झालो. काय बोलणार ते माझं मलाच ठरलेलं नव्हतं. मराठीत सोपं असतं. 'चूक झाली' म्हणायचं, की चूक आपली आपण होते, करणारा वाक्यात लागतच नाही. इंग्रजीत ती सोय मला सापडेना.

मी म्हणालो, सिस्टर, आय मेड अ मिस्टेक.

त्यांना वाटलं, पेशंट बोलतोय. मऊ आवाजात त्यांनी इंग्रजीतच विचारलं, काय चूक केलीत, गोळी दोनदा घेतली का?

"गोळी नाही," मी मराठीत आलो. "तुम्हाला डिड सांगितलं ती. मेडच बरोबर. त्याच रात्री मला कळलं होतं."

 खाली उसाचा ट्रॅक्टर गाणी लावून गेला, तो जाईपर्यंत आम्ही दोघंही खिडकीकडे बघत राहिलो.

मग सिस्टर म्हणाल्या, "मला ठाऊक होतं, सर. परीक्षेत मी मेडच म्हणणार होते. इथं आपलं तुमच्यासाठी डिड म्हणत होते. एवढ्या पोरांसमोर तुम्हाला कशाला..." आणि उठता उठता म्हणाल्या, "त्या ब्रदरला मात्र सांगा. काल आमच्या मेट्रनला तो मेक मी अ फेवर म्हणाला. त्यांनी त्याला कँटीनमध्ये पाठवलं, म्हणाल्या, बनवून मिळतं ते तिथं."

दुसऱ्या दिवशी मी वर्गाला सांगितलं. हाताला लागण्याचा नियम खोटा आहे, मीच केलेला आहे. मेक अ मिस्टेक, डू अ फेवर. कोणी ओरडलं नाही, मला कोणी हसलंही नाही. ब्रदरने तेवढं विचारलं, मग खरा नियम कुठला? मी म्हणालो, पक्का नियम नाही, जोडी पाठ करायची.

"मंजी लग्नावानी," तो म्हणाला. "हिला ह्योच का दिला, इचारायचं न्हाई."

नियमापेक्षा हे त्यांच्या जास्त लक्षात राहिलं.

परीक्षा देऊन सिस्टरांनी स्टँडवरून फोन केला. पेशंटला चुकीचं जेवण गेलंय आणि तो चिडलाय, नेमका तोच प्रसंग त्यांना आला होता. मला विचारायचा धीर झाला नाही. त्यांनीच सांगितलं.

"मेडच म्हणाले, सर. पण आधी तोंडात डि आला. तो गिळला आणि मग म्हणाले."

पुढे त्या पास झाल्या, काठावर. जाण्याच्या आधी पेढे घेऊन आल्या होत्या. वर्गात सगळ्यांनी खाल्ले, मीही खाल्ला. तो गिळलेला डि मी त्यांच्या तोंडात घातला होता. त्या सवयीने त्यांचं काही गेलं नाही, हे खरं. त्याआधीच्या बॅचेस मात्र आता कुठे कुठे आहेत, त्यांची मेट्रन त्यांच्याशी कशी बोलते, मला माहीत नाही. अधूनमधून त्यातल्या कुणाचा तरी मेसेज येतो. आय डिड अ मिस्टेक इन द फॉर्म, सर. मी आधी बरोबर वाक्य लिहून पाठवतो, आणि त्याच्या खाली, हे मी शिकवलं होतं, असंही.