खांबाची सावलीकडची बाजू

ऑक्टोबरातल्या एका दुपारी काकांनी गावाहून, माहीमच्या वाडीतून फोटो पाठवले. मी बोईसरला कारखान्याच्या भांडारात काम करतो, तिथे जेवणाच्या सुट्टीत ते उघडले. ड्रॅगनफ्रूटच्या फांद्यांवर पिवळे, पांढरट डाग होते. खाली काकांचा व्हॉइस मेसेज: "बघ साहेब, तुझी निवडुंगं पिवली पडाय लागली. आता काय करू, हळद लावू?"

ते थट्टा करत होते, पण मी डबा बाजूला सारला.

त्या वाडीत पूर्वी पानवेल होती. काकांनी ती साठ वर्षं सांभाळली. पानमळ्यात चपला घालून जायचं नाही हा आमच्याकडचा नियम, आणि काका ड्रॅगनफ्रूटमध्येही अनवाणीच फिरतात. पानवेल जाऊन साठ खांब उभे राहिले. एका खांबाला चार रोपं, म्हणजे दोनशे चाळीस. हा हिशेब मी मांडला होता, पण वाडीत राबणारे काका. शेजारची जागा रिसॉर्टवाल्याने घेतली होती आणि त्याचा माणूस अधूनमधून काकांकडे चहाला येऊन बसे. काका एकदाच बोलले होते, "हे गेलं तर मी काय पुन्हा लावत नाय. त्याला देऊन टाकीन." ते रागाने बोलले असते तर मी सोडून दिलं असतं. ते शांतपणे बोलले होते.

मी फोटो मोठे करून पाहिले. डाग फांदीच्या वरच्या अंगावर होते आणि पश्चिमेला, समुद्राकडे तोंड केलेल्या बाजूला. पावसाळाभर ढगाखाली राहिलेल्या फांद्यांवर अचानक कडक ऊन पडलं की त्या भाजतात, हे मला माहीत होतं. भाजलेला डाग कोरडा आणि घट्ट असतो. कुजका डाग मऊ, पाणचट असतो, त्याला वास येतो. फोटोत घट्ट आणि मऊ दिसत नाही, वासही येत नाही. तरी एक गोष्ट दिसते: ऊन एकाच बाजूला लागतं.

मी फोन केला. "काका, प्रत्येक खांबाचे दोन फोटो पाठवा. एक समुद्राकडून, एक त्याच्या उलट बाजूने. खांबावर खडूने नंबर टाका."

"एकशेवीस फोटो? माझ्या लग्नात चार काढले होते."

"काढा तरी."

"काढतो. तू तिकडे पंख्याखाली बस."

संध्याकाळपर्यंत फोटो येत राहिले. मी घरी जमिनीवर बसून एकेक जोडी लावून पाहत गेलो. पश्चिम पिवळी, पूर्व हिरवी. पश्चिम पिवळी, पूर्व हिरवी. जीव जरा भांड्यात पडू लागला होता. अकराव्या खांबाशी मी थांबलो. पूर्वेकडच्या फोटोत मागे विहीर दिसत होती, म्हणजे बाजू चुकली नव्हती. तिथे सावली होती आणि फांद्या तिथेही पिवळ्या होत्या. डाग नव्हता, सगळी फांदीच मलूल, निस्तेज पिवळी. बाराव्याचंही तसंच, आणि पंचविसाव्याचं. अकरा-बारा शेजारी आहेत. पंचविसावा दूर, वेगळ्या ओळीत, वाडीच्या दुसऱ्या टोकाला. त्या अंतराची मला जास्त भीती वाटली. एका कोपऱ्यात लागलेलं काही असतं तर समजलं असतं.

फळबागांचे रोग बघणाऱ्या एका बाईंना मी ते तीन फोटो पाठवले. त्यांनी लगेच फोन केला.

"बुंध्याचा फोटो कुठेय?"

मी शोधला. एकशेवीस फोटोंत एकाही खांबाचा बुंधा दिसत नव्हता. सगळीकडे खाली मातीचा ओला ढीग होता.

"ही माती कोणी चढवली?"

मी काकांनाही त्याच कॉलवर घेतलं आणि विचारलं. ते अभिमानाने म्हणाले, "मीच. पाऊस गेला, ऊन तापलं, पिवली पडाय लागली, म्हणजे तहान लागली. बुंध्याला माती लावली, वर पालापाचोला टाकला, रोज पाणी देतो. वेलीला असंच करायचं ना? वेल उतरवायची, मातीत दाबायची, नव्या मुल्या फुटतात."

पानवेलीला ते योग्यच होतं. पण हे निवडुंग. त्याचा बुंधा ओल्या मातीत कोंडला की कुजतो.

"हाताने माती काढा," बाई म्हणाल्या, "आणि बुंधा अंगठ्याने दाबून बघा. आधी याच तीन खांबांचा."

काकांनी फोन खिशात ठेवला आणि बंद केला नाही. मला माती सरकवल्याचा आवाज येत होता. मग तो थांबला.

"काका?"

"अंगठा आत गेला रे." त्यांचा आवाज बदलला होता. "गर सगला पानी झालाय. मधी नुसती काडी हाय. वर हिरवं कसं राहिलं?"

वर हिरवं राहतं, कारण मधली काडी लवकर कुजत नाही आणि वरच्या फांद्यांची मुळं खांबाला धरून असतात. हे बाईंनी सांगितलं. त्या हेही म्हणाल्या की तीनही खांब उद्याच काढा, त्यांची कलमं कुठेही लावू नका, आणि साठही बुंधे आजच मोकळे करा, पाणी बंद.

तेव्हा काकांनी आणखी एक फोटो पाठवला. अकराव्या खांबावरची फळं, लालभडक. "आठ फलं हायत. पिकलीत. आधी ही काढू, मग काय ते कापू."

मलाही ती पिकलेलीच वाटली. मी फोटो बाईंना पुढे पाठवला. बाई म्हणाल्या, "हा मावळतीचा उजेड आहे, त्यात सगळंच लाल दिसतं. सकाळी सावलीत, शेजारी पांढरा कागद धरून फोटो काढा."

सकाळी मी स्वतःच गेलो. काका साठाव्यापासून उलटे येत चौथ्या खांबाशी बसून माती उकरत होते, नखांत चिखल होता. रात्री झोपले होते की नाही, मी विचारलं नाही. आम्ही अकराव्यावर सावली धरली आणि फळाशेजारी कागद लावला. लाल कुठेच नव्हतं. हिरवट गुलाबी साल, खवल्यांची टोकं हिरवी आणि ताठ. पिकताना ती टोकं पिवळी पडून सुकायला लागतात.

"चार-पाच दिस ठेवू," काका म्हणाले. "कापल्यावर आंब्यासारखी घरात पिकतील का?"

"नाही. हे फळ झाडावरच पिकतं."

"मंग ठेवू ना."

 काकांनी अकरावरून बाराकडे पाहिलं, बारावरून तेराकडे. तेराचा बुंधा त्यांनी पहाटेच मोकळा केला होता. ते उठले, तेराकडे गेले आणि अंगठा दाबला. घट्ट होता. थोडा खाली दाबला. घट्टच. कूज इथवर आली नव्हती. मग परत आले आणि अकराव्यावरची चारही रोपं तळापासून कापली, आठ कच्च्या फळांसकट. प्रत्येक खांबानंतर मी कोयती स्पिरिटने पुसत होतो. "ऑपरेशनच चाललंय," ते म्हणाले. मला हसू आलं नाही, त्यांनाही नाही. तिन्ही खांबांवरचं सगळं आम्ही वाडीबाहेरच्या खड्ड्यात पुरलं.

सात बुंधे कडेला किंचित मऊ लागले. तेवढा भाग कापून, निरोगी हिरवा गर लागेपर्यंत खरवडून, मोरचूद आणि चुन्याचा लेप लावला. तो लेप काकांना मला शिकवावा लागला नाही, पानवेलीला तो त्यांनी आयुष्यभर लावला. पश्चिमेकडून जुन्या साड्या बांधल्या, म्हणजे भाजलेल्या डागांना आणखी ऊन लागणार नाही. ते डाग भरून येत नाहीत, पण वाढतही नाहीत.

निघताना रिसॉर्टवाल्याचा माणूस कुंपणापाशी आला. काका त्याला म्हणाले, "आज चहा नाय. हात घाण हायत."

जागेबद्दल त्याला ते हो म्हणाले नाहीत आणि नाहीही म्हणाले नाहीत. तेव्हापासून रोज सकाळी त्या सात बुंध्यांचे फोटो येतात. त्यात फळ नसतं, फांदीही नसते. फक्त बुंधा आणि त्यावर दाबलेला काकांचा अंगठा. मी बसची वाट पाहत उभा असतो, फोटो मोठा करतो आणि एवढंच बघतो की अंगठ्याचं नख पूर्ण दिसतंय ना. आजच्या सातही फोटोंत दिसलं. उद्याचे अजून यायचे आहेत.