बॅटरी धरली नव्हती

आमचे हे एका कंपनीत हिशेबनीस. दमडीचाही हिशेब लागला नाही तर यांना झोप लागायची नाही. असा माणूस पुण्याच्या प्रदर्शनातून विजेवर चालणारी स्कूटर घेऊन आला, तेव्हा सावेडीतली सगळी गल्ली बघायला जमली. नव्वदच्या दशकातली गोष्ट. तोवर आमच्याकडे असलं काही कुणी पाहिलेलं नव्हतं. "अहो, आवाजच नाही हिला! बंद पडली तर कळणार कसं?" मी म्हणाले. सगळे हसले, हे सोडून.

खालच्या मजल्यावर धाकटे दीर राहायचे, पेट्रोलची जुनी स्कूटर बाळगून. दोघा भावांना रोज एमआयडीसीतच जायचं. मग काय, पैज लागली. दसऱ्याला दोन्ही गाड्यांना झेंडूचे हार घातले आणि ठरलं, पुढच्या दसऱ्यापर्यंत कुणाची गाडी किलोमीटरला किती खाते ते बघायचं. यांनी वायरमनकडून चार्जिंगसाठी वेगळा मीटर बसवून घेतला. पेट्रोल, त्यात घालायचं ऑइल, प्लग, सर्व्हिसिंग, बॅटरीत ओतायचं डिस्टिल्ड वॉटरसुद्धा, सगळं पोर्चच्या भिंतीवर खडूने लिहायचे. नुकता रंग दिलेली भिंत हो माझी!

वर्ष भरलं. दोन्ही गाड्या पाच-पाच हजार किलोमीटर पळालेल्या. पेट्रोलवाली किलोमीटरला पासष्ट पैसे, विजेवाली दहाच्या आत. भाऊजींनी भिंतीसमोर उभं राहून तो आकडा दोनदा वाचला. "दादा, तू म्हणतोस म्हणजे बरोबरच असणार," म्हणाले.

त्याच दिवाळीत भाऊजी नोकरीला होते तो कारखाना बंद पडला. हातात जी एकरकमी रक्कम आली, तेवढ्यावर उरलेलं आयुष्य काढायचं होतं. त्यांनी ती सगळी त्या स्कूटरच्या एजन्सीत घातली. यांनी अडवलं नाही. कशाला अडवतील? आकडा यांचाच होता.

गाड्या खपल्या, त्याही ओळखीपाळखीतच. एक केडगावच्या मास्तरांनी घेतली, एक आमच्या डॉक्टरीणबाईंनी. भाऊजी प्रत्येकाला पोर्चमध्ये आणून भिंत दाखवायचे.

पुढचा उन्हाळा आला आणि आमची गाडी थकली. आधी एका चार्जिंगमध्ये तीस किलोमीटर आरामात जायची, आता पंधरालाच धापा टाकायला लागली. रोजच वीज जायची, अर्धवट चार्ज झालेली गाडी तशीच दामटायची, त्यात बॅटऱ्या संपल्या. कंपनी तीन वर्षं म्हणाली होती, दीड वर्षसुद्धा टिकल्या नाहीत. नवा संच सात हजारांचा! यांनी भिंतीसमोर बसून पुन्हा हिशेब मांडला. सात हजार किलोमीटरमध्ये एक संच, म्हणजे किलोमीटरला रुपया नुसती बॅटरीच. वीज वेगळी. पेट्रोल स्वस्त पडत होतं.

पहिल्या वर्षी बॅटरी विकत घ्यावी लागली नाही, म्हणून ती भिंतीवर आलीच नव्हती. कंपनीतल्या एकेका यंत्राच्या झिजेचा खर्च, त्यांच्या भाषेत घसारा, दरवर्षी न चुकता धरणारा हा माणूस! मी चिडून म्हणाले, "घरच्या गाडीला नाही का घसारा?" हे उठले, ओला फडका घेतला आणि भिंत पुसायला लागले. माझी मलाच लाज वाटली.

मग पुढच्या वर्षभरात एकेक गिऱ्हाईक दारात यायला लागलं. मास्तर तर गाडी ढकलत केडगावहून आले. भाऊजींनी होता नव्हता तो पैसा घालून जमेल तेवढ्यांना बॅटऱ्या बदलून दिल्या. मोठ्या भावाला एका शब्दाने दोष दिला नाही. दिला असता तर बरं झालं असतं, असं मला आजही वाटतं. एक दिवस खालचा मजला रिकामा करून ते शेवगावला सासुरवाडीच्या आधाराने निघून गेले. "तिकडं नोकरी बघितलीय वहिनी, चांगली आहे," एवढंच म्हणाले.

यांनी भाऊजींची पेट्रोलची स्कूटर ठेवून घेतली होती. दोनेक वर्षांनी एका लग्नाला आम्ही तिच्यावरूनच शेवगावला गेलो. गावाच्या अलीकडे गाडी रिझर्व्हला लागली, म्हणून पंपावर वळवली. खाकी कपड्यातला माणूस नळी घेऊन पुढे आला. भाऊजी होते.

त्यांनी आधी गाडीच ओळखली. सीटवरून हात फिरवला आणि हसले. "किती टाकू दादा?"

"दोन लिटर," हे कसेबसे म्हणाले.

भाऊजींनी मापून ऑइल घातलं, नळी टाकीला लावली. "दादा, झिरो बघ."

गिऱ्हाइकाने मीटरचा आकडा बघितल्याशिवाय पेट्रोल सोडायचं नाही, असा पंपाचा नियम. यांची मान काही वर होईना. मागे गाड्या हॉर्न वाजवायला लागल्या. भाऊजी नळी धरून तसेच उभे होते.

"बघितला भाऊजी, मी बघितला," मी म्हणाले. "सोडा आता."