उतरता काटा

पंपघरात तिला सगळे वहिनी म्हणत. तिचा नवरा तिथे कधीच कामाला नव्हता, पण सासरे होते, आणि सासऱ्यांना सगळे आबा म्हणत, म्हणून त्यांची सून आपोआप वहिनी झाली. नवऱ्याला लहानपणापासून स्टिअरिंगची ओढ होती, तो बस चालवू लागला. आबांचं मोटरींच्या तांब्याच्या तारा गुंडाळायचं काम पोराकडे जायचं ते सुनेकडे आलं. "घराणं चालवायला पोरगाच लागतो असं कुणी सांगितलं?" आबा म्हणत, आणि तिच्या हातात तारांवर गुंडाळायची मायकाची टेप देत.

टेप गुंडाळायला शिकवण्याआधी त्यांनी तिला थांबायला शिकवलं होतं. मोटरच्या वाइंडिंगला, म्हणजे आतल्या तारांच्या वेटोळ्यांना, इन्सुलेशन मोजायचा मेगर लावला, हजार व्होल्ट दिले, की काट्याकडे बघत दहा मिनिटं नुसतं बसायचं. बोलायचं नाही, चहा घ्यायचा नाही. एका मिनिटाला काटा कुठे होता ते लक्षात ठेवायचं आणि दहाव्या मिनिटाला कुठे पोचला ते बघायचं. निरोगी इन्सुलेशन सुरुवातीला थोडा करंट पिऊन घेतं, मग त्याचं पोट भरतं. पिणं कमी होत जातं तसा काटा वर चढतो. दहाव्या मिनिटाचा आकडा पहिल्या मिनिटाच्या दुपटीहून जास्त झाला तर मोटर ठणठणीत. काटा जागचा हललाच नाही, तर ओल किंवा मळ वाट करून बसलाय आणि करंट त्या वाटेने सारखा गळतोय असं समजायचं. आणि खाली उतरायला लागला, तर मोटर सुरू करायचा विचारही करायचा नाही.

"आणि मोजून झालं की लगेच हात लावायचा नाही," आबा सांगत. "वाइंडिंगच्या पोटात राग उरलेला असतो. अर्थिंगची क्लिप लावायची आणि मोजायला लागला त्याच्या चौपट वेळ गप बसायचं. माणसांनाही हेच लागू आहे, पण माणसांना क्लिप कुठे लावणार?"

आता आबांना दिसत नव्हतं. नजर हळूहळू गेली. सगळ्यात आधी बारीक कामातून गेली. नोकरी संपायच्या आधी त्यांनी गुंडाळलेली शेवटची मोटर म्हणजे दुसऱ्या पंपाची. ती राखीव होती. पहिला पंप रोज चालायचा, दुसरा वेळेला उभा राहण्यासाठी.

ती वेळ आली. पहिल्या मोटरचं बेरिंग ओरडायला लागलं. फिटर, ज्याला सगळे बेरिंगबुवा म्हणत, त्याने लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक बेरिंगच्या घरावर आणि मूठ कानावर टेकवली आणि तोंड वाकडं केलं.

"आठवडा काढेल. फार तर. वहिनी, दुसरी बघून द्या."

दुसरी मोटर बघायला गेल्यावर पहिली गोष्ट तिच्या लक्षात आली ती म्हणजे गारवा. उभ्या मोटरच्या पोटात एक छोटा हीटर कायम चालू असतो, ओल धरू नये म्हणून. मोटरचं अंग त्यामुळे कोमट लागतं. हिचं अंग दगडासारखं गार होतं. पॅनेल रंगवायला आलेल्या लोकांनी हीटरचा फ्यूज काढला होता, आणि रंग वाळून किती दिवस झाले तरी तो परत बसवायचं कुणाला सुचलं नव्हतं.

तिने केबल सोडवली, टर्मिनल पुसली, मेगर लावला. पहिल्या मिनिटाला सहा मेगओहम. अशा मोटरला निदान शंभर तरी हवेत. दहाव्या मिनिटाला पाच.

"उतरला?" बेरिंगबुवाने विचारलं.

तिने अर्थिंगची क्लिप लावली.

"मी म्हणत नाही, लोक म्हणतात," तो हळूच म्हणाला. "शेवटी शेवटी आबा टेप डोळ्यांपाशी धरून बघायचे. ही मोटर त्यांनी करायलाच नको होती."

"लोक तुमच्याच तोंडाने बरे बोलतात हो," ती म्हणाली. पण ते तिला लागलं, कारण तेच तिच्याही मनात होतं. ओल असेल तर ती वाळवता येते. आबांचा हात चुकला असेल तर तो कशाने वाळवायचा?

पंपघराचे साहेब येऊन गेले. शांत माणूस. "तुम्ही हो म्हणाल तेव्हाच बटण दाबू," एवढंच बोलून गेले. त्या भरवशाचं ओझंच जास्त वाटलं.

तिने कोरड्या हवेने धूळ उडवली, मोटरवर ताडपत्री घातली, वर वाफेला वाट ठेवली आणि खालून हीटर लावले. थर्मामीटर आत खोचला. मग थोड्या थोड्या वेळाने मोजत राहिली. सहाचे चार झाले. चाराचे दोन. दुपार कलली तेव्हा काटा शून्याला टेकल्यासारखा दिसत होता.

"वहिनी, भाजी करपतेय," बेरिंगबुवा म्हणाला. "गॅस बंद करा."

आणि तिने हीटर बंद केले. तिला सगळं पाठ होतं, तरी केले. त्या पडत्या काट्याकडे आणखी बघवेना, एवढंच.

घरी आबा खाटेवर बसून दोरीच्या तुकड्यावर टेप गुंडाळत होते. रिकामा हात त्यांना सोसत नसे. चपलांच्या आवाजावरूनच त्यांनी विचारलं, "किती?"

"बरी आहे."

"बरी ताप आलेल्या माणसाला म्हणतात. मोटरला आकडा असतो."

तिने सांगितलं. सहा, पाच, वाळवताना चार, दोन, आणि मग जवळजवळ काहीच नाही. हीटर बंद केल्याचंही सांगितलं. आबांचे हात थांबले.

"गरम झाल्यावर आकडा पडणारच. दर दहा अंशाला निम्मा होतो, हे तुला मी सांगितलं की आणखी कुणी?"

"तुम्हीच."

"आणि ओल आतून सुटून वर येते, तेव्हा आणखी पडतो. पडला पाहिजे. तळाला जाऊन थोडा वेळ तिथेच बसतो, मग चढायला लागतो. तू त्याला ऐन तळाशी सोडून आलीस. आता पाणी परत आत मुरत असेल."

"मला वाटलं..."

"तुला वाटलं, आबांचं काम उघडं पडतंय. त्यापेक्षा झाकलेलं बरं." त्यांचा आवाज चढला नव्हता. "पोरी, मोटर झाकून चालत नाही. ती एक दिवस पेटते, आणि तेव्हा शेजारी कुणीतरी उभं असतं."

उजाडल्याबरोबर ती पंपघरात होती. हीटर पुन्हा लावले. काटा पुन्हा उतरला, तळाला गेला, आणि तिथे बसला तो बसलाच. बेरिंगबुवाने या वेळी विनोद केला नाही; एक स्टूल आणून तिच्याशेजारी ठेवलं आणि स्वतः पहिल्या मोटरच्या बेरिंगला ग्रीस द्यायला गेला. पलीकडे ते बेरिंग कण्हत होतं. मग, अगदी नकळत, काटा सुटला. तीन. सात. पंधरा. ती उठून उभी राहिली, आणि उगाच पदर सारखा करून पुन्हा बसली.

मोटर पूर्ण गार होऊ दिली, कारण गरम मोटरचा आकडा गार मोटरच्या आकड्याशी ताडून बघता येत नाही. पोटातल्या हीटरचा फ्यूज तिने स्वतः बसवला होता, तो फक्त मोजण्यापुरता काढला. मग तिन्ही फेज, म्हणजे वेटोळ्यांचे तीन गट, एकमेकांपासून सोडवले आणि एकेक मोजायला घेतला, बाकीचे दोन अर्थला बांधून. पहिला फेज: नऊशे, आणि दहाव्या मिनिटाला सत्तावीसशे. तिपटीने चढला. दुसराही तसाच. तिसरा: चाळीस. ती दहा मिनिटं पापणी न लववता बसली. चव्वेचाळीस.

ओल असती तर तिघांनाही असती. दोघे वाळले आणि एक राहिला, तर खोट त्या एकातच.

संध्याकाळी आबांपुढे बसून तिने तिन्ही आकडे सांगितले, एकही न लपवता. त्यांनी हातातली टेप खाली ठेवली. मग म्हणाले, "मला घेऊन चल."

नवऱ्याने सकाळी सुट्टी टाकली आणि दोघांनी मिळून त्यांना पंपघरात नेलं. बेरिंगबुवा पुढे आला, काही बोलायला तोंड उघडलं, मिटलं, आणि त्यांचा दुसरा हात धरला. साहेबांनी खुर्ची आणवली, पण आबा बसले नाहीत. पुरवठा तोडलाय का, क्लिप लावली आहे का, हे दोनदा विचारून त्यांनी उघड्या मोटरच्या टोकाशी हात घातला. कॉइलांच्या वळणांवरून बोटं फिरत गेली, झोपलेल्या लेकराच्या पाठीवरून फिरावीत तशी. तिसऱ्या फेजची टर्मिनलकडे जाणारी तार चौकटीला घासून वळते, तिथे बोटं थांबली. मागे गेली. पुन्हा तिथेच आली.

"बॅटरी मार इथे. काय दिसतं?"

तिने वाकून पाहिलं. वळणाच्या आतल्या बाजूला टेपचे पदर एकमेकांवर बसलेच नव्हते. मधे बारीक फट होती, तिच्यात मळ भरला होता आणि मळावर गळत्या करंटची तपकिरी रेघ उमटली होती.

"फट आहे, आबा."

"आतल्या बाजूला ना? तिथे डोळ्यांनी बघावं लागतं." ते थोडे थांबले. "बोटांवर विसंबून केलं मी ते. तेव्हा बोटं इतकी शहाणी नव्हती."

साहेब खिडकीबाहेर बघू लागले.

"सुरी दे," आबा म्हणाले.

"मी काढते."

"नाही. माझ्या हातानं बांधलंय, माझ्याच हातानं सोडतो. बांधायचं ते तू बांध."

त्यांनी एकेक पदर उकलला, तारेला ओरखडाही न येऊ देता. तिने उघडी जागा पुसून स्वच्छ केली आणि नवी टेप घातली, प्रत्येक पदर आधीच्याच्या निम्म्यावर. वळणाच्या आतल्या बाजूला आरसा धरून बघितलं. आरसा बेरिंगबुवाने धरला होता. मग वार्निश, मग ऊब, मग पुन्हा गार होईपर्यंत वाट. आबा परत जायला तयार नव्हते; ते खुर्चीवर बसून राहिले.

तिने मेगर लावला. आबा काट्याच्या दिशेला तोंड करून बसले, दिसत असल्यासारखे.

"आठशे साठ," एका मिनिटाला ती म्हणाली.

बाकीची मिनिटं फक्त पहिल्या मोटरचं बेरिंग बोलत राहिलं.

"चोवीसशे. आबा, चढला."

आबांनी मान डोलवली. मग ते उठले आणि चाचपडत हात पुढे केला, त्या नव्या वळणाकडे.

तिने तो हात मधेच धरला. दुसऱ्या हाताने मेगर बंद करून अर्थिंगची क्लिप लावली.

"लगेच नाही, आबा," ती म्हणाली. "अजून राग आहे पोटात."

तिने त्यांना परत खुर्चीवर टेकवलं आणि दोघं तसेच बसून राहिले, त्यांचा हात तिच्या हातात, पूर्ण चौपट वेळ.