कॉइलमधले चारशे ओहम

विश्रामबागेतल्या आमच्या कॉलेजात प्रयोगशाळेच्या प्रत्येक टेबलाला दोन स्टुलं असत. परीक्षेच्या सकाळी माझ्या टेबलालाही दोन होती. मी एकटा होतो. एक स्टूल उचलून बाजूला ठेवावं असं मनात आलं, पण तसंच राहू दिलं.

या टेबलावरचा माझा जोडीदार तासगावचा. उसाच्या हंगामात घरून परत येताना पुढे दिवे नसलेली ट्रॉली होती आणि याची मोटरसायकल तिच्यावर आदळली. त्याला जाऊन महिना झाला होता. वर्गातली मुलं माझ्याशी हळू आवाजात बोलत, तेच मला जास्त छळायचं.

मी आटपाडीकडचा, घरी मेंढरं. घरातला मीच पहिला कॉलेजात गेलेला. या प्रात्यक्षिकात नापास झालो असतो तर वर्ष गेलं असतं आणि वर्षाबरोबर वसतिगृहातली जागाही. मग शिक्षण पुढे नेण्याची दुसरी सोय नव्हती.

बाहेरून आलेले परीक्षक वयस्कर, शांत होते. त्यांनी एक कॉइल, एक कपॅसिटर आणि रेझिस्टन्सची पेटी पुढे सरकवली. "क्रिटिकल बसवून दाखव. रेघ कशी चढेल ती आधी ऑसिलोस्कोपच्या काचेवर पेन्सिलीनं काढ, मगच बटण दाब."

कॉइलवरच्या चिकटपट्टीवर शंभर मिलीहेन्री असं लिहिलं होतं. अक्षर त्याचं होतं.

मधे जुनी कॉइल तुटली तेव्हा त्यानंच ही गुंडाळली होती. जाड तार संपली म्हणून गावच्या मोटर-दुकानातनं बारीक तार आणली आणि मीटरवर हेन्री जुळेपर्यंत वेढे घातले. मी शेजारी बसून मोजत होतो आणि सारखा चुकत होतो. "गड्या, तू मेंढरं तरी नीट मोजतोस का रं?" असं म्हणून तो हसला होता. आता तीच कॉइल माझ्यासमोर होती.

हिशेब अवघड नव्हता. व्होल्टेज एकदम लावलं की कपॅसिटर भरत जातो. रेझिस्टन्स कमी असेल तर तो वर उसळून झोके घेतो, फार असेल तर रांगत वर जातो. या दोहोंच्या सीमेवर तो न उसळता सगळ्यात लवकर पोचतो, तेच क्रिटिकल. कॉइलला कपॅसिटरनं भागायचं, वर्गमूळ काढायचं, दुप्पट करायची. शंभर मिलीहेन्री आणि शून्य दशांश एक मायक्रोफॅरड, म्हणजे दोन हजार ओहम. पेटीवर दोन हजार लावले, काचेवर रेघ काढली, बटण दाबलं.

हिरवी रेघ वर चढली, पण माझ्या पेन्सिलीच्या मागे राहिली. वर टेकायला जवळजवळ एक चौकोन उशीर.

"हे क्रिटिकल?" परीक्षक म्हणाले.

"नाही सर. ओव्हरडॅम्प्ड. रांगतेय."

"का?"

मी परत तपासलं. पेटीवरचा आकडा बरोबर, कपॅसिटर बरोबर. शेजारच्या रिकाम्या स्टुलाकडे माझं लक्ष गेलं आणि तिथून कुणीतरी "तार बारीक हाय रं" म्हणाल्यासारखं वाटलं. खरंच ऐकलं की मीच आठवलं, ते मला आजही सांगता येत नाही.

मी कॉइल सोडवून मल्टिमीटर लावला. चारशे ओहम. शिवाय सिग्नल देणाऱ्या यंत्राचे स्वतःचे पन्नास. म्हणजे सर्किटमध्ये एकूण दोन हजार चारशे पन्नास होते, आणि मी फक्त पेटीतले धरले होते. दोन हजारांतून साडेचारशे वजा केले, पेटीवर पंधराशे पन्नास लावले. या वेळी हिरवी रेघ माझ्या रेघेवरून गेली.

"हेच क्रिटिकल, हे कशावरून पटायचं?"

मी पेटी हजारावर आणली. रेघ वर पोचताना जराशी पुढे गेली आणि मागे आली. परत पंधराशे पन्नास केल्यावर ती उसळी नाहीशी झाली.

"कॉइलचा रेझिस्टन्स एवढा कसा?"

"गुंडाळणाऱ्यानं बारीक तार वापरली, सर."

"कोण तो?"

मी स्टुलाकडे बघितलं. परीक्षकांनीही बघितलं. गुण लिहून त्यांनी मान हलवली. पास. त्यांचे उपकार मी विसरत नाही.

संध्याकाळी तासगावची एसटी धरली. त्याचे वडील बेदाण्याच्या शेडमध्ये द्राक्षं वाळवायच्या जाळ्या झाडत होते.

"आवं आबा, पास झालो."

"ब्येस झालं." ते झाडतच राहिले. मग थांबून म्हणाले, "त्याचं बी काय हुतं का त्यात?"

"व्हय. चारशे ओहम."

"लय हाय का?"

"लय हाय, आबा. धरलं न्हाई तर गणित जमत न्हाई."

त्यांनी हातातली जाळी खाली ठेवली आणि माझ्यासाठी पोत्यावर जागा केली.