सोळा तिमाह्यांचा हिशेब

घटस्फोटाच्या करारात आमच्या भारतातल्या ठेवीसाठी एकच वाक्य होतं: मुदत संपल्यावर रक्कम अर्धी-अर्धी. वीस लाख रुपये, पाच वर्षांसाठी, सात टक्क्यांनी, दोघांच्या नावावर. नाशिकच्या ज्या शाखेत ती ठेवली होती, तिथे आम्ही दोघं एकदाच एकत्र गेलो होतो. करार झाला तेव्हा मुदतीला दीड वर्ष होतं. तोवर आमचा एकमेकांशी संबंध येण्याचं दुसरं कारण नव्हतं.

मी ओहायोत डब्लिनला राहत होतो, ती बरीच दक्षिणेला, अल्फारेटाला. एका शनिवारी तिचा फोन आला. तिने टाउनहाउस घ्यायचं ठरवलं होतं आणि डाउन पेमेंटला थोडे पैसे कमी पडत होते. विकणाऱ्याने व्यवहारासाठी महिनाभरातली तारीख दिली होती.

"एफडी आत्ताच काढू या," ती म्हणाली. "जॉइंट आहे. मुदतीआधी काढायची तर दोघांच्या सह्या लागतात. ऑनलाइन होत नाही, मी बघितलं."

"अजून एक वर्ष आहे."

"माहीत आहे मला. मी मुदत नाही विचारली, सही विचारली."

करार माझ्या बाजूने होता. मी नाही म्हणालो असतो तर तिला काही करता आलं नसतं आणि ते घर दुसऱ्या कुणाला गेलं असतं. मी नाही म्हणालो नाही. "आधी किती मिळतील ते बघू," असं म्हणालो.

मी बरीच वर्षं वर्तमानपत्रात काढली होती, नंतर इथे एका कंपनीच्या जनसंपर्क विभागात. आकडा तपासल्याशिवाय छापायचा नाही ही सवय होती. नेट बँकिंगवर त्या दिवशी ठेवीचं मूल्य सव्वीस लाख चाळीस हजारांच्या जवळ दिसत होतं. चार वर्षं, म्हणजे व्याज मुद्दलात मिळवण्याच्या सोळा तिमाह्या, पूर्ण झाल्या होत्या. मुदतीआधी काढल्यास एक टक्का दंड, हे मला ठाऊक होतं. सातातून एक वजा करून सहा टक्क्यांनी हिशेब केला. पंचवीस लाख अडतीस हजार आले. प्रत्येकी बारा लाख एकोणसत्तर हजार. तिला कळवले.

तिचं उत्तर लगेच आलं. "चूक आहे. फोन कर."

फोन केला.

"सातातून नाही वजा करायचा," ती म्हणाली. "आपण पाच वर्षांचा रेट घेतला होता. पैसे चार वर्षंच ठेवले. मग बँक बघते, त्या दिवशी चार वर्षांसाठी ठेवले असते तर काय रेट मिळाला असता. त्यातून एक टक्का जातो."

"कुठे लिहिलंय?"

"अटींच्या पानावर. पावतीबरोबरच आलेलं. पत्रकार असून तू कधी दुसरं पान उघडलंस?"

"आणि चार वर्षांचा रेट किती होता?"

"ते बँकेला विचारायचं. आजचा नाही, ठेवलं त्या दिवशीचा."

भारतात संध्याकाळचे साडेचार म्हणजे आमच्याकडे सकाळचे सात. सोमवारी मी बँकेला फोन लावला आणि तिलाही जोडून घेतलं. ठेवींचं काम बघणाऱ्या अधिकारी बाईंनी खातं उघडलं.

"सर, तुमचा रेट सात टक्क्यांचा. त्या दिवशी तीन वर्षांपासून पाच वर्षांच्या आतल्या ठेवीला साडेसहा होता. त्यातून एक टक्का. साडेपाचने पहिल्या दिवसापासून पुन्हा हिशेब होईल."

"पहिल्या दिवसापासून?" मी विचारलं.

"हो सर. सात टक्क्यांचं जे दिसतंय ते मुदत पूर्ण केली तरच. चोवीस लाख अठ्ठ्याऐंशी हजार चारशे बावीस. एनआरई, म्हणजे अनिवासींची ठेव आहे, त्यामुळे इथे टॅक्स कापणार नाही. एक वर्षाच्या आत काढलं असतं तर व्याज काहीच मिळालं नसतं, म्हणून तेवढं बरं आहे. वर्ष थांबलात तर अठ्ठावीस लाख एकोणतीस हजार. दोघं लाइनवर आहात म्हणून विचारते, थांबायचं नाही ना?"

"नाही," ती म्हणाली.

"मॅडम, घाई नसेल तर ठेवीवर कर्ज मिळतं, कागदपत्रांना थोडा वेळ लागतो."

"घाई आहे."

बाईंनी फॉर्म मेलवर पाठवते, सही झाली की स्कॅन बँकेत नोंदवलेल्या ईमेलवरून पाठवा म्हणून सांगितलं आणि फोन ठेवला. आम्ही दोघं लाइनवर राहिलो. तिच्याकडे मिक्सर चालू होता, तो बंद झाला.

मी रात्रीतून आणखी एक मार्ग शोधून ठेवला होता. तो मांडला. "ठेव तशीच राहू दे. आज स्क्रीनवर दिसतंय त्याचे अर्धे, तेरा लाख वीस हजार, मी माझ्या इथल्या सेव्हिंगमधून तुला डॉलरमध्ये देतो. या आठवड्यात. मुदतीला येईल ते सगळं माझं. तुला पंचाहत्तर हजार जास्त मिळतात, मला व्याज मिळतं. कुणाचंच नुकसान नाही."

"हिशेब बरोबर आहे," ती म्हणाली.

"मग?"

"ठेव वर्षभर आपल्या दोघांच्या नावावर राहणार."

"फक्त कागदावर."

"एप्रिलमध्ये मी परदेशी खात्यांचा फॉर्म भरते ना, टॅक्सबरोबर. तिथे जॉइंट ओनरचं नाव टाकावं लागतं. या वर्षीही टाकलं, तुझं नाव आणि पत्ता. पत्ता जुना होता, म्हणून नवा विचारायला तुला मेल केला होता, आठवतंय? मला पुढच्या वर्षांत ते परत परत करायचं नाही."

"पंचाहत्तर हजारांसाठी सुद्धा नाही?"

"तू भाव नको करूस रे. जमणार नाही म्हटलं ना."

तो मेल मला आठवत होता. मी त्याला उत्तर देताना पत्त्याखाली इथल्या बर्फाबद्दल दोन ओळी लिहिल्या होत्या. त्यावर काही आलं नव्हतं.

"फॉर्म छापून सही करून मी घेऊन येतो," मी म्हणालो. "आठ-नऊ तासांचा ड्राइव्ह आहे. शनिवारी निघालो तर..."

"कुरिअर कर."

"ओके."

"मी सही करून पुढे नाशिकला पाठवते. स्कॅन दोघांनी रजिस्टर्ड ईमेलवरून द्यायचा, बँकेतल्या बाई म्हणाल्या. आणि हो, फॉर्म मी साइटवर बघितलाय, त्यावर कारण विचारलंय. काय लिहितोस?"

"घर खरेदी."

"तुझं घर नाहीये ते. 'वैयक्तिक' लिही."

मी वैयक्तिक लिहिलं. सही केली आणि बँकेला दिलेल्या नमुन्याशी जुळते का ते पाहिलं, कारण माझी सही मधल्या काळात थोडी बदलली होती. जुन्यासारखी पुन्हा केली. दुपारी कुरिअरच्या दुकानात पाकीट दिलं. तिचा अल्फारेटाचा पत्ता मी प्रथमच लिहीत होतो, आणि तोही तात्पुरता होता.

पुढे सगळं रीतसर झालं. ठेव बंद झाली, जॉइंट एनआरई खात्यात चोवीस लाख अठ्ठ्याऐंशी हजार चारशे बावीस जमा झाले. त्यातले बारा लाख चव्वेचाळीस हजार दोनशे अकरा तिच्या स्वतःच्या एनआरई खात्यात गेले, तेवढेच माझ्या. तिने ते लगेच डॉलर करून इकडे मागवले. रिकामं झालेलं जॉइंट खातं बंद करण्याचा फॉर्मही तिनेच मागवून ठेवला होता. त्यावरही दोन सह्या झाल्या, त्याच क्रमाने, कुरिअरने.

टाउनहाउसचा व्यवहार पूर्ण झाल्याचा निरोप तिने पाठवला. "क्लोजिंग झालं. थँक्स."

मी विचारलं, किती बेडरूमचं आहे.

"दोन," तिने लिहिलं.

मी अभिनंदन लिहिलं. मग आणखी काय विचारता येईल याचा बराच विचार केला. बँकेचं, टॅक्सचं, सहीचं, सगळं आटोपलेलं होतं.